मालीशवाल्या आजींचा नायटा

आमच्या सासूबाईंना नावाने कोणी ओळखत नाही. मालीशवाल्या आजी म्हटलं की टपालवालासुद्धा बरोबर आमच्या दारात येतो. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, बाळांना तेल चोळणं हे काय काम आहे? आठवडाभरात माझा भ्रम फिटला. बाई पहाटे उठून तयार, सकाळच्या पारी चार घरं, दुपारी बाळंतिणींची अंगं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला पुन्हा ताज्यातवान्या.

त्यांची बैठक ठरलेली. जमिनीवर पाय लांब सोडून बसायचं, कपडे गुडघ्याच्या वर सरकवायचे, आणि दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत बाळ आडवं ठेवायचं. खाली चटई नाही, उशी नाही. बाळाला माणसाची ऊब लागते, असं त्यांचं म्हणणं. कुणी शिकलेल्या आईने गादीवर ठेवून मालीश करा म्हटलं, तर त्या अशा नजरेने बघायच्या की ती बिचारी पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून जायची. रडून घर डोक्यावर घेणारं पोर यांच्या पायांवर पडलं की पाच मिनिटांत डोळे मिटायला लागायचं. मी स्वतः पाहिलंय. माझी दोन्ही मुलं त्याच पायांवर वाढली, तेव्हा तोंडाने काहीही म्हटलं तरी मनातून मी त्यांना मानते.

मी एका त्वचारोगाच्या दवाखान्यात काम करते. नंबर लावायचे, कागद काढायचे, आत कोणाला सोडायचं ते बघायचं. दिवसभर माझ्यासमोरच्या बाकावर माणसं खाजवत बसलेली असतात. त्यातली निम्मी नायट्याची, म्हणजे गजकर्णाची. आमच्या डॉक्टर मॅडम आत तेच तेच सांगतात आणि दाराच्या फटीतून ते मला इतकं ऐकू येतं की झोपेत विचारलं तरी सांगेन. डाग गेला म्हणून मलम बंद करू नका. दुकानातून आपल्या मनाने ट्यूब आणू नका. लोक मान डोलावतात, बाहेर येतात, आणि माझ्यासमोरच एकमेकांना म्हणतात, जाऊ दे, गेलाय की आता. मी कितीदा तोंड उघडलंय. शेवटी हात टेकले. पण माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली हे चाललं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

सासूबाईंना नायटा कधी निघाला ते त्यांनाच ठाऊक. दिवसभर तेल, घाम, वाफेची मोरी, ओले कपडे. शिवाय पाय पुसायचं एकच फडकं, जे घरोघर फिरायचं. आधी मांडीवर आतल्या बाजूला एक गोल चट्टा, कडेने लाल, मधे जरा निवलेला. मग नडगीवर दुसरा. आता बाळाला ज्या पायांवर ठेवायचं तेच पाय लाल दिसले तर कोण आई पोर देईल? म्हणून बाईंनी काय केलं, तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन, दुकानदाराला लांबूनच नडगी दाखवून, एक ट्यूब आणली. गुलाबी खोक्यातली. दुकानदार म्हणाला, आजी, यात सगळं आहे, तिन्ही औषधं एकत्र. दोन दिवसांत खाज बंद, आठवड्यात डाग गुल. बाईंना वाटलं, देव पावला.

आणि खरंच डाग गेला. गेला म्हणून ट्यूब कपाटात. मग परत आला, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब, परत गेला. असं वर्षभर चाललं होतं आणि मला पत्ता नाही. मला कळलं ते आमच्या ह्यांच्यामुळे. एक दिवस हे आरशासमोर उभे राहून पट्ट्याखाली खाजवत होते आणि म्हणाले, आईची ट्यूब कुठाय गं, मस्त आहे ती. मी म्हटलं, कुठली ट्यूब? मग सगळा पाढा वाचला गेला.

मी सासूबाईंना पाय दाखवायला लावला. गोल चट्टे आता गोल राहिलेच नव्हते. कडा पुसट, पसरट, कुठे पुरळ, कुठे नुसतीच तपकिरी छटा. बघणाऱ्याला नायटा वाटणारही नाही. आणि मांडीच्या आतली कातडी पातळ, चकचकीत, तिच्यावर जांभळट रेघा, बाळंतपणात पोटावर उठतात तशा. मी चिडून म्हटलं, मॅडमकडे का नाही आलात? त्या मात्र उलट माझ्यावरच डाफरल्या, की तुझ्या मॅडमकडे गेले असते तर सगळ्या गावाला कळलं असतं.

त्यांची खरी भीती मला ठाऊक होती. माझी नणंद, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा सातव्या महिन्यात होती. लग्नानंतर किती वर्षं वाट पाहिली होती त्या पोरीने, किती दवाखाने पालथे घातले होते. सासूबाईंनी आयुष्यभर जगाची बाळं पायांवर घेतली आणि प्रत्येक बाळाच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांच्या मनात एकच असायचं, ते मला माहीत आहे, त्यांनी एकदाच सांगितलं होतं. लेकीचं बाळ. ते पायांवर आलं की बस. बाकी त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नाही.

म्हणून मी ओढतच त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडमनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा हलकेच खरवडून काचेवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिला. मग सासूबाईंनाही पाहायला लावलं. धाग्यांसारखं काहीतरी, फांद्या फुटलेलं. ही बुरशी, मॅडम म्हणाल्या. तुमच्या ट्यूबमध्ये तिला मारायचं औषध आहे, पण सोबत स्टिरॉइडही आहे. नायटा लाल होतो, खाजतो, कारण आपली कातडी बुरशीशी भांडत असते. स्टिरॉइड ते भांडणच बंद पाडतं. लाली गेली, खाज गेली, तुम्हाला वाटलं बरं झालं, आणि बुरशीला रान मोकळं.

मग उपचार सांगितला. ती ट्यूब बंद. साधं बुरशीचं मलम, दिवसातून दोनदा, डागावर आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटं. बरोबर पोटातून गोळ्या, कारण आता ते नुसत्या मलमाने आवरणारं नव्हतं. टॉवेल, कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायचे. आमच्या ह्यांनाही तेच मलम आणि त्याच सूचना. आणि पायांवर बाळ घेणं बंद.

सासूबाईंनी फक्त एकच विचारलं, लेकीच्या बाळंतपणापर्यंत जाईल ना?

मॅडमनी वाक्य जपून उच्चारलं. "दिसायचं बंद होईल कदाचित. पण दिसायचं बंद झालं म्हणजे गेलं असं नाही, आजी. वरची कातडी साफ दिसते तेव्हाही आत धागे जिवंत असतात. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. डाग दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे, आणि तुमच्या बाबतीत जास्तच."

गुलाबी ट्यूब सुटल्यावर पहिले काही दिवस जे झालं ते मी विसरणार नाही. दबून बसलेलं सगळं उसळून वर आलं. पाय लालभडक, आग आग. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, हे होणार, घाबरू नका, परत त्या ट्यूबला हात लावू नका. सासूबाई पंख्याखाली पाय पसरून बसायच्या आणि मुठी आवळून धरायच्या, खाजवायचं नाही म्हणून. मी म्हटलं, बर्फाच्या पाण्याची पट्टी ठेवू का, तर म्हणाल्या, ठेव. सुनेकडून सेवा करून घ्यायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. दोघींनाही अवघड झालं.

पण बाई हट्टाची. मलम चुकलं नाही, गोळी चुकली नाही. कामं सगळी सोडली. दारावर कुणी बोलवायला आलं की गुडघे दुखतात म्हणून सांगायच्या. हळूहळू चट्टे फिके पडले, कडा बसल्या, आणि एक दिवस त्यांनी मला खिडकीपाशी बोलावून उजेडात पाय दाखवले. रेघा होत्या, त्या काही जाणार नव्हत्या, पण नायटा कुठे दिसत नव्हता. त्याच आठवड्यात नणंद बाळंत झाली. मुलगी. सासूबाईंनी तिचं नाव लगेच ठकी ठेवून टाकलं, बारशाची कोण वाट बघतो.

नणंदेचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाई तिकडे राहायला निघाल्या तेव्हा मी त्यांच्या पिशवीत मलमाच्या दोन नव्या ट्यूब घातल्या, गोळ्या घातल्या, आणि उंबऱ्यात उभी राहून खडे बोल सुनावले. अजून मॅडमनी थांबा म्हटलेलं नाही. पायांवर बाळ घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं तर जाड दुपटं अंथरून गादीवर. त्या म्हणाल्या, हो गं बाई, मला काय कळत नाही का. फोनवर मी रोज विचारायचे, लावताय ना? लावतेय.

लावत नव्हत्या. हे पुढे कळलं, आणि कारण कळलं तेव्हा तर मला त्यांच्यावर रागावताही येईना. आळस नव्हता, विसरणं नव्हतं. ठकी आठवड्याची झाली आणि लेकीने म्हटलं, आई, तू कधी मालीश करणार? सासूबाईंनी पाय पाहिले. साफ. आणि त्यांच्या मनात आलं, मी या पायांना औषध चोळणार आणि त्यावर ते कोवळं अंग ठेवणार? ते औषध बाळाच्या अंगाला लागणार नाही का? आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला होता. बाळाच्या अंगाला तेलाशिवाय काही लागता कामा नये. मालिशीच्या आधी त्या हाताची अंगठीसुद्धा काढायच्या. म्हणून, बाळाला जपायचं म्हणून, त्यांनी मलम बंद केलं. गोळ्याही उरल्या त्या तशाच राहिल्या. पोटात औषध आणि हातात बाळ, हेही त्यांना बरं वाटेना. आणि ठकीला पायांवर घेतलं.

ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. नणंद फोनवर सांगायची, आई गाणं म्हणते गं, आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं तिचं गाणं. मी आपली इकडे नंबर लावत बसलेली.

महिन्याभरात सासूबाईंच्या नडगीला परत खाज सुटली. एक छोटा गोल. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. आणि मग ठकीच्या मांडीवर, मागच्या बाजूला, जिथे ती त्यांच्या नडगीवर टेकायची अगदी तिथेच, एक गोल उठला. दुसरं कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, लंगोटाचं काहीतरी असेल. सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांना एका नजरेत कळलं की हा आपल्या पायाचा आहे.

इथे त्यांनी मला फोन करायला हवा होता. मी शंभर वेळा हे मनात म्हटलंय. पण फोन केला असता तर मॅडमकडे जावं लागलं असतं, मॅडमनी पाय पाहिले असते, जावयाला कळलं असतं, आणि पोर काढून घेतलं गेलं असतं. त्यांना ते पोर सोडवत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की हा डाग झटपट घालवायची एक ट्यूब जगात आहे. खालच्या दुकानात गुलाबी खोकं मिळालं, कुणी काही विचारलं नाही. लेकीला म्हणाल्या, लंगोटाच्या पुरळावरचं साधं मलम आहे. लेकीने आईवर विश्वास ठेवला. तिने नाही ठेवायचा तर कुणी ठेवायचा? आणि ती प्रत्येक लंगोट बदलताना, चांगलं भरपूर, त्या मलमाचा थर देऊ लागली. डाग दोन दिवसांत फिका. मग पसरला. मग जास्त मलम. सासूबाई बघत होत्या. थांब म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्यांची दातखीळ बसली होती.

नणंद ठकीला घेऊन आमच्या दवाखान्यात आली ती रडतच. बाकावर गर्दी होती. मी नंबर मोडून तिला आधी आत सोडलं, ओरडणारे ओरडले. मॅडमनी लंगोट सोडला. मांडीची कातडी पातळ झाली होती, आतल्या बारीक शिरा दिसत होत्या, आणि लाली मांड्यांवरून कमरेपर्यंत चढली होती. नणंदेने पर्समधून ट्यूब खोक्यासकट काढून दिली, हेच लावतेय, आईने दिलंय. खोकं गुलाबी होतं.

मॅडमनी सावकाश समजावलं. एवढ्याशा बाळाची कातडी आधीच नाजूक. लंगोटाखाली झाकून लावलं की यातलं स्टिरॉइड कातडीतून रक्तात उतरतं. जास्त दिवस उतरलं तर बाळाच्या अंगात जे संप्रेरक आपोआप तयार व्हायला हवं ते तयार होणं मंदावतं, वाढीवर परिणाम होऊ शकतो. आता एकदम बंद करणंही आपल्या मनाने करायचं नाही. बाळांच्या डॉक्टरांना आजच दाखवायचं, रक्त तपासायचं, ते सांगतील तसं हळूहळू उतरवायचं. बुरशीचं साधं मलम मी देते, ते मात्र पूर्ण लावायचं. नणंदेने विचारलं, ही कातडी परत होईल ना पहिल्यासारखी? मॅडम म्हणाल्या, बरीचशी सुधारेल. बरीचशी हा शब्द नणंदेने तेवढाच पकडला आणि ती दिवसभर तोच घोकत राहिली.

संध्याकाळी तिच्या घरी सगळे बसलो होतो. सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं. मलम का सोडलं, ट्यूब कुठून आणली, सगळं. स्वतःची बाजू मांडली नाही. नणंद ठकीला छातीशी धरून ऐकत होती. मला वाटलं ती ओरडेल, भांडेल, निदान रडेल. तिने फक्त एवढंच म्हटलं, "आई, तू घरी जा." आवाज चढवला नाही. सासूबाईंनी पिशवी भरली आणि मी त्यांना घेऊन आले. वाटेत सांत्वन करावं तर ठकी डोळ्यांसमोर यायची, बोलावं तर शेजारी बसलेली ही बाई.

त्यानंतर सासूबाईंनी उपचार केला तो असा की आमच्या मॅडमनी बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवावा. वेळेवर मलम, वेळेवर गोळी, कपडे वेगळे, फडकी उकळलेली. डाग गेला तरी लावत राहिल्या. कोंडा दोनदा तपासला, काचेवर धागे नाहीत. शेवटी मॅडम म्हणाल्या, आजी, आता थांबा. आता खरंच गेलंय. तेव्हाही त्या हसल्या नाहीत. उठताना विचारलं, थोडे दिवस अजून लावलं तर चालेल का?

ठकीचंही रक्त सुधारलं. कातडी भरून येत होती. मांडीवर दोन रेघा राहिल्या, कदाचित राहतील. नणंदेचा राग ओसरला की थकला, मला माहीत नाही. पण तिला मालीश काही जमत नव्हती. ठकी तिच्या हाताखाली किंचाळायची. एका रविवारी ती तिला घेऊन आमच्याकडे आली. आत येऊन काही न बोलता तिने जमिनीवर चटई टाकली, तेलाची वाटी ठेवली आणि आईसमोर पोर धरलं.

"घे," ती म्हणाली. "मॅडमना विचारलंय मी. साफ आहे म्हणाल्या."

सासूबाई खाली बसल्या. सवयीने पाय लांब सोडले, कपडा गुडघ्यावर सरकवला. उजेडात दोन्ही नडग्या स्वच्छ दिसत होत्या. ठकी त्यांच्याकडे बघून हातपाय झाडायला लागली. सासूबाईंनी हात पुढे केले, आणि मग हळूच पाय जवळ ओढून घेतले, कपडा घोट्यापर्यंत खाली आणला आणि गुडघ्यांभोवती हात बांधून बसल्या.

"तेव्हाही साफच दिसत होतं गं," त्या म्हणाल्या.

नणंद तशीच उभी राहिली, पोर हातात धरून. ठकी रडायला लागली. तेल थंड होत होतं, आणि आम्हा तिघींपैकी कुणालाच पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.